पिच डेकमधला मजकूर छाटताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: बोलायचं वाक्य जसंच्या तसं स्लाइडवर. एका सराव-पिचमध्ये गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर होतं. फाउंडर पहिला मुद्दा समजावत होता, तेवढ्यात समोरच्याने चौथ्या मुद्द्यावर प्रश्न टाकला. त्याने स्लाइड आधीच वाचून संपवली होती! पुढचा सगळा वेळ फाउंडर आपल्याच स्लाइडच्या मागे धावत राहिला. वाचणं आणि ऐकणं एकाच वेळी नीट होत नाही, आणि वाचणारा बोलणाऱ्याच्या नेहमी पुढे असतो.

त्या स्लाइडवर असं होतं:

- आमच्या सॉफ्टवेअरमुळे संपूर्ण गोदामाची मोजणी दोन दिवसांऐवजी दोन तासांत होते
- नोंदीतली चूक महिनाअखेरीऐवजी त्याच दिवशी लक्षात येते
- फेरऑर्डर आपोआप देण्याची सोय
- टीमला या क्षेत्राचा दीर्घ अनुभव

मी आधी शब्द मोजत नाही, साचा ठरवतो. इथे साचा सोपा: काम, मग वेळ. ‘मोजणी: २ तासांत’. ‘चूक: त्याच दिवशी’. तिसऱ्या ओळीत वेळच नाही. विचारल्यावर कळलं की माल संपत आला की तासाभरात ऑर्डर जाते. झालं, ‘फेरऑर्डर: १ तासात’. चौथी ओळ काही केल्या बसेना, कारण ती टीमच्या स्लाइडची होती. एकसारखी रचना शोभेसाठी नसते. कुठला मुद्दा अर्धवट आहे आणि कुठला उपरा, हे तीच दाखवते. ‘दोन दिवसांऐवजी’ आणि ‘महिनाअखेरीऐवजी’ हे मात्र तोंडी सांगायचं. ते स्पीकर नोट्समध्ये टाका.

दुसरी चूक घाईवाल्यांची. छाटा म्हटलं की ‘जलद. सोपं. स्वस्त.’ असं उरवतात. रचना अगदी एकसारखी, पण हे तीन शब्द प्रतिस्पर्ध्याच्या स्लाइडवरही तसेच चालतील. माझी कसोटी हीच: कंपनीचं नाव बदलून ओळ खरी राहिली, तर ती ओळ उडवायची. छाटताना आकडा आणि त्याचं एकक शेवटपर्यंत ठेवा, विशेषणं आधी घालवा.

शीर्षक मात्र छाटू नका. ‘आमचं उत्पादन’ यातून काही कळत नाही. ‘गोदाम बंद न ठेवता मोजणी होते’ हे पूर्ण वाक्य असू द्या, खालचे मुद्दे त्याचा पुरावा.

मजकूर मावत नाही म्हणून फॉन्ट लहान करणं हा शुद्ध आळस आहे. गुंतवणूकदार आणि लेखक गाय कावासाकींच्या १०-२०-३० नियमातला ३० म्हणजे किमान ३० पॉइंटचा फॉन्ट. मी तो फॉन्ट आधी लावतो आणि मगच लिहायला बसतो.

एकेक मुद्दा ॲनिमेशनने आणून वाक्यं लांबच ठेवणं ही पळवाट. लोक तेवढंच वाचतात, फक्त हप्त्याहप्त्याने.

ईमेलने पाठवायचा डेक वेगळा करा. तिथे बोलणारं कोणी नसतं, म्हणून नोट्समधली वाक्यं त्या प्रतीत परत आणा. आधी लांब प्रत लिहून तिची छोटी करणं मला सोपं जातं. उलट्या क्रमाने गेलं की गाळलेलं काय होतं तेच आठवत नाही.