नेट गेलं की रीसेटची पिन शोधू नका: या चुका टाळा

नेट बंद पडल्यावर मला फोन येतो आणि पहिलंच वाक्य असतं, "सगळं करून बघितलं." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण बऱ्याचदा बिघाड घरात नसतोच. कुठेतरी केबल तुटलेली असते किंवा कंपनीचं काम चालू असतं, आणि तास-दोन तासांत नेट आपोआप आलं असतं. "सगळं करून" जे बिघडवलेलं असतं, ते मात्र आपोआप सुधारत नाही.

मी अनेक वर्षं फायबरच्या जोडण्या करतोय. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लाइन बंद असताना राउटर रीसेट करणं.

मे महिन्यातली गोष्ट. पावसाळ्याआधी रस्ते खोदायची घाई चालली होती. सकाळी साडेनऊच्या सुमारास मुख्य रस्त्यावर जेसीबीनं केबल तोडली आणि तीन सोसायट्या बंद पडल्या. त्यातल्या एका घरी मुलीची दुपारी ऑनलाइन मुलाखत होती. तिच्या भावानं आधी राउटर चार वेळा बंद-चालू केला. मग सिम काढायची पिन घेऊन मागचं रीसेटचं भोक दाबून धरलं. तरी नेट येईना, म्हणून फायबरची हिरवी पिन उपसली, टी-शर्टला पुसली आणि परत खोचली.

सव्वा वाजता केबल जोडून झाली आणि अख्ख्या इमारतीत नेट आलं, फक्त त्यांच्याकडे नाही. काकूंचा फोन आला, "दादा, सगळ्यांचं आलं, आमचंच का नाही?" मी विचारलं, "काकू, रीसेट केलंत का?" मागून मुलाचा आवाज आला, "तीन वेळा केलं, काका."

रीसेटमुळे राउटरमधली सगळी माहिती पुसली गेली होती: वायफायचं नाव, पासवर्ड आणि कंपनीनं दिलेला पीपीपीओई युजरनेम-पासवर्ड, म्हणजे राउटर कंपनीकडे ज्यानं लॉगिन करतो तो. काही मोठ्या कंपन्यांच्या राउटरच्या डब्यात ही माहिती लांबून परत भरली जाते, पण छोट्या ऑपरेटरांकडे ती बहुतेक वेळा हातानंच टाकावी लागते. त्या घरी जोडणी आधीच्या भाडेकरूच्या नावावर होती, त्यामुळे युजरनेम काढायलाच संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन ते भरलं. तरी वेग रडतखडत येत होता, कारण पुसलेल्या पिनेच्या टोकावर धूळ बसली होती. ते टोक साफ करायला वेगळा क्लीनर लागतो, टी-शर्ट चालत नाही. मुलगी मुलाखतीला मैत्रिणीकडे गेली होती. चार तासांची अडचण दीड दिवसाची झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या मुलानं डब्यावरचे दिवे बघितले असते तर एका मिनिटात कळलं असतं. फायबरच्या डब्यावर 'पॉन' आणि 'एलओएस' असे दोन दिवे असतात. एलओएस लाल लुकलुकतोय म्हणजे बाहेरून प्रकाशच पोचत नाहीये. मग वायफायच्या सेटिंगमध्ये काहीही बदला, उपयोग शून्य. पॉन हिरवा स्थिर असेल, तर फायबर ठीक आहे. तो हिरवा असून इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल असेल, तर लॉगिन होत नाहीये: रिचार्ज संपलाय किंवा कंपनीच्या सर्व्हरकडे गडबड आहे. तिन्ही दिवे नीट असून फक्त एका फोनवर नेट नसेल, तेव्हाच घरातली तपासणी सुरू करायची.

माझी सवय सांगतो. दिवे बघून झाले की फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू करतो आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा स्टेटस पेजवर जातो. लोक बंद पडलेल्या वायफायवरूनच ते पेज उघडायला जातात आणि "पेजही बंद आहे" असं मला सांगतात. पेजवर सगळं हिरवं दिसलं म्हणून सगळं ठीक आहे, असंही समजू नका. तिथे सहसा मोठे बिघाडच नोंदवले जातात, आणि तेही उशिरा. आपल्या गल्लीतली तुटलेली केबल तिथे बहुधा दिसणारच नाही. म्हणून मग मी शेजाऱ्याला विचारतो. एका फायबरमधून स्प्लिटर लावून 32 किंवा 64 घरांपर्यंत लाइन जाते. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचं नेट असेल आणि त्याचाही एलओएस लाल असेल, तर बिघाड कंपनीकडून येणाऱ्या मुख्य लाइनवर आहे. त्याचं चालू आणि माझं एकट्याचं लाल, तर माझ्या घराकडे येणाऱ्या तुकड्यात गडबड आहे. दोन्ही वेळी काम लाइनमनचंच.

हेल्पलाइनला फोन नोंदणीकृत नंबरवरूनच करा. आपल्या भागात बिघाड नोंदवला असेल, तर बऱ्याच ठिकाणी सुरुवातीची ध्वनिफीतच तसं सांगते. घाईनं आकडे दाबत पुढे जाणारे नेमकं तेच ऐकत नाहीत. माणूस फोनवर आला की "नेट चालत नाही" एवढंच म्हणू नका. "एलओएस लाल आहे, नऊ चाळीसपासून, शेजाऱ्याचंही बंद आहे" असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

आणि तक्रार करताना डबा चालूच ठेवा. हे फार थोड्यांना माहीत असतं. डब्याची वीज जाते, तेव्हा तो बंद पडता पडता कंपनीकडे "माझी वीज गेली" असा शेवटचा संदेश पाठवतो. फायबर तुटली असेल तर असा संदेश जात नाही, नुसता प्रकाश गेल्याची नोंद होते. लाइन चालू असताना तुम्ही वारंवार डबा बंद केला, तर तिकडे "ग्राहकाकडे वीज नाही" असंच दिसतं आणि तक्रार मागे पडते.

रात्री बारानंतर नेट गेलं तर आधी मेसेज तपासा. कंपन्या नियोजित कामं मुद्दाम मध्यरात्र ते पहाट या वेळात ठेवतात आणि बहुतेकदा आधी एसएमएस करतात. पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी -S असलेले सेवेचे असतात आणि -P असलेले जाहिरातींचे. सगळेच न वाचता पुसू नका. कळवलेली वेळ संपल्यावरही अर्धा तास थांबा, कारण तेव्हा सगळी घरं एकदम लॉगिन करत असतात. तरीही नाही आलं, तर डबा एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. एकदाच.

विजेचंही बघा. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे म्हणून नेट चालेल असं नाही. ऑपरेटरची यंत्रं दुसऱ्या इमारतीत असतात आणि तिथली बॅटरी संपली की तुमचा दिवा लाल होतो. पुण्यात गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं असतात, त्या दिवशी हे हमखास घडतं. ऑपरेटरच्या भागात वीज आहे का, हे त्यालाच विचारा. तुमच्या घरची वीज गेली असेल तर 1912 वर बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवून फोन करा.

फायबरची पिन काढून तिच्या टोकात डोकावू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

आणि आज नेट चालू आहे तोवर ऑपरेटरकडून पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड आणि राउटरमध्ये भरावा लागणारा व्हीलॅन नंबर मागून घ्या. कागदावर लिहा, त्याखाली नोंदणीकृत मोबाइल नंबर आणि हेल्पलाइन लिहा आणि तो कागद राउटरच्या मागे भिंतीला चिकटवा. माझ्या घरी तो पिवळ्या कार्डावर आहे. आईसुद्धा तो बघून फोन करते.