पिन पार्वती मोहिमेचं बजेट: क्लबांनो, या चुका टाळा

पिन पार्वती खिंड ५,३१९ मीटर उंच. पार्वती खोऱ्यात बरशैणीला गाडीरस्ता संपतो. तिथून खीरगंगा, टुंडा भुज, ठाकुर कुआं करत मानतलाई, मग खिंड, आणि पलीकडे स्पितीत मुद गाव. ज्या क्लबांना एजन्सीच्या पॅकेजऐवजी स्वतःच मोहीम आखायची असते, त्यांचं बजेट या वाटेवर हमखास कोलमडतं. 'माणशी इतके' असा आकडा आधी ठरतो आणि खर्च मग त्यात बसवला जातो, हे त्याचं मुख्य कारण. या वाटेवर खर्च माणसांवरून ठरत नाही. तो ठरतो वजनावरून आणि पोर्टरच्या दिवसांवरून.

खाली १० सदस्य, १ गाईड, १ सहायक गाईड, १ कुक आणि १ हेल्पर असा गट धरला आहे. दिवस १०: आठ चालीचे, एक उंचीशी जुळवून घेण्याचा, एक राखीव. मजुरीचे दर फक्त गणित दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या हंगामाचे दर भुंतर किंवा मनालीहून लेखी मागवा आणि त्यांच्या जागी घाला.

पोर्टर अंदाजाने धरणं

'दहा जणांना दहा-अकरा पोर्टर पुरतील' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. ते वजनावर तपासून पाहू. सदस्य स्वतःची सॅक स्वतः उचलतील असं धरू. क्लबचं सामान असं होतं: १४ जणांचं १० दिवसांचं कोरडं अन्न माणशी रोज ८५० ग्रॅम धरून ११९ किलो. रॉकेल माणशी रोज दीडशे मिली धरून २१ लिटर, म्हणजे कॅनसकट साधारण २० किलो. तंबू, स्टोव्ह, भांडी, दोर वगैरे ६० किलो. औषधपेटी आणि इतर वैद्यकीय सामान ६ किलो. एकूण २०५ किलो. पोर्टरमागे २० किलो धरले तर ११ पोर्टर लागतात, म्हणजे अंदाज बरोबरच वाटतो.

पण त्या ११ पोर्टरनाही दहा दिवस जेवायचं आहे. त्यांचं अन्न ९३ किलोच्या वर जातं. ते उचलायला आणखी पाच पोर्टर हवेत, आणि त्या पाचांचंही अन्न आलंच. हे चक्र सोडवायला सरळ हिशेब असा: प्रत्येक पोर्टर २० किलो उचलतो, पण त्यातले साडेआठ किलो त्याचंच अन्न असतं. क्लबच्या सामानासाठी उरतात साडेअकरा किलो. २०५ भागिले ११.५, म्हणजे १८ पोर्टर. अकरा नव्हे. पोर्टरांचं रॉकेल आणि तंबू धरले तर आकडा वीसच्या आसपास जातो. पुढे आपण १८ च धरू.

ही चूक कळते ती बरशैणीला, निघायच्या सकाळी. ओझी बांधून होतात आणि तीन-चार बोचकी तशीच उरतात. किंवा पोर्टर ओझं उचलून पाहतो, पंचवीस किलोच्या वर आहे म्हणून खाली ठेवतो, आणि त्याचं बरोबरच असतं. तिथे जादा माणसं मिळाली तरी त्यांच्या दरावर बोलायला तुमच्या हातात काहीच नसतं. म्हणून आदल्या रात्री भुंतरला हुकाच्या काट्यावर प्रत्येक ओझं तोलायचं आणि त्यावर आकडा लिहायचा.

वजन जास्त भरलं तर आधी शिधा उघडा. डबाबंद पदार्थ, काचेच्या बरण्या, लोणच्याचे मोठे डबे आणि दोन दिवसांपेक्षा जास्तीचे कांदे-बटाटे काढा. ८५० ग्रॅमचा आकडा पीठ, तांदूळ, डाळ, पोहे, सुकामेवा अशा कोरड्या जिनसांचा आहे. ताज्या भाजीचं बहुतेक वजन पाण्याचं असतं आणि ते पाणी वाहून न्यायचे पैसे तुम्ही देत असता. खेचरावर सगळा हिशेब टाकू नका. ठाकुर कुआंच्या पुढे पांडू पुलाच्या अजस्र खडकांवरून लादलेलं जनावर नेता येत नाही, म्हणजे पुढे पुन्हा पोर्टरच लागतात.

रॉकेल आणि गॅस रेल्वेने किंवा विमानाने नेता येत नाही. इंधनाची ओळ स्थानिक खरेदीतच धरा.

चालीचे दिवस तेच मजुरीचे दिवस समजणं

पोर्टर पार्वती खोऱ्यातले असतात आणि मोहीम संपते स्पितीत. मुदहून त्यांना काझा, कुंझुम खिंड, मनाली, भुंतर असं फिरून घरी जायचं असतं. हे दोन दिवस बजेटमध्ये नसतात आणि मुदला शेवटच्या दिवशी वाद होतो.

गणित असं: पोर्टर १,२०० रुपये रोज, गाईड २,५००, सहायक २,०००, कुक १,८००, हेल्पर १,२००. एका दिवसाची मजुरी २९,१०० रुपये. दहा दिवसांचे २,९१,०००. परतीचे दोन दिवस पूर्ण मजुरीने ५८,२००, आणि २२ जणांचं गाडीभाडं १,५०० प्रमाणे ३३,०००. म्हणजे ९१,२०० रुपये, सदस्यामागे नऊ हजारांच्या वर, कागदावर कुठेच नव्हते. परतीची मजुरी पूर्ण द्यायची की अर्धी, हे निघण्यापूर्वी लिहून घ्या. अन्न संपत जातं तसे रिकामे झालेले पोर्टर मधूनच बरशैणीकडे परत पाठवता येतात, कारण २२ सहकारी आणि १० सदस्य मिळून रोज २७ किलो अन्न संपवतात. असं केलं तर स्पितीचं भाडं वाचतं. पण कोणाला कुठून परत पाठवायचं आणि त्याच्या परतीच्या चालीचे पैसे किती, हे गाईडशी आधीच ठरलेलं असावं.

भाड्याने घेतलेल्या सामानाचंही असंच होतं. मनालीत घेतलेले तंबू, दोर, हार्नेस दहा दिवसांत परत येत नाहीत. घेतल्यापासून दुकानात पोचेपर्यंत सहज चौदा दिवस होतात. शिवाय अनामत रक्कम तेवढे दिवस अडकते, आणि ती बजेटमध्ये खर्च म्हणून दिसत नसली तरी खिशातून गेलेली असते. बर्फातले गॉगल, हातमोजे, मोजे आणि अपघात विमा पोर्टरांसाठीही धरा. खिंडीचं बर्फ सदस्य आणि पोर्टर दोघांनाही सारखंच आहे.

परमिट म्हणजे एक फी समजणं

ही वाट अलीकडे खीरगंगा राष्ट्रीय उद्यानातून आणि पलीकडे पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यानातून जाते. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या वन खात्याकडे चौकशी करायची आणि चार प्रश्न विचारायचे: शुल्क माणशी आहे की माणशी-दिवस, तंबूचं वेगळं आहे का, कॅमेऱ्याचं वेगळं आहे का, आणि गाईड-पोर्टर त्यात मोजतात का. शेवटचा प्रश्न विसरला तर दहाऐवजी बत्तीस जणांचे पैसे भरायची वेळ येऊ शकते.

खरा खर्च मात्र फीचा नसून दिवसाचा असतो. कागद अपुरे निघाले तर सगळा गट एक दिवस हॉटेलात बसतो. दोन जणांना कागदपत्रांच्या दोन संचांसह आधी पाठवणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

गटात परदेशी पासपोर्ट असलेलं, अगदी ओसीआय कार्डधारकही, कोणी असेल तर आणखी एक गोष्ट बघा. कुंझुम बंद पडून किन्नौरमार्गे परतावं लागलं, तर सुमदोच्या पट्ट्यासाठी त्या सदस्याला इनर लाइन परमिट लागतं. त्याची सोय काझाला होते, पण एखादा दिवस आणि मुक्काम धरावा लागतो.

दहा नावं म्हणजे दहा माणसं समजणं

वरचा सहकाऱ्यांचा खर्च एकूण ३,८२,२०० रुपये, म्हणजे दहा जणांत ३८,२२० प्रत्येकी. आता दोन सदस्य गळाले. त्यांचं अन्न आणि एक तंबू मिळून २१ किलो कमी झाले, म्हणजे १८ चे १६ पोर्टर झाले आणि ३१,८०० रुपये वाचले. उरलेले ३,५०,४०० आठ जणांत वाटले की ४३,८०० होतात. गाईड, कुक, दोर, स्वयंपाकाचा तंबू यांत काहीच कमी होत नाही.

म्हणून दहा नावं आली तरी वर्गणी आठ जणांवर काढा. गट पूर्ण राहिला तर फरक परत द्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तीच तारीख पक्क्या पैशांची ठेवा. त्यानंतर नाव मागे घेणाऱ्याला फक्त न झालेला खर्च परत मिळेल, हे अर्जावरच छापा.

आपत्कालीन निधी 'दहा टक्के' धरणं

दहा टक्क्यांना या वाटेवर काही आधार नाही. प्रसंग डोळ्यासमोर आणून बेरीज करा.

पहिला प्रसंग: मानतलाईला, चार हजार मीटरच्या वर, एकाला विसावा घेतानाही धाप लागते आहे, खोकला थांबत नाही, ओठ निळसर दिसतात. फुप्फुसात पाणी होत असल्याची ही लक्षणं असू शकतात आणि त्याला ताबडतोब खाली नेलंच पाहिजे. सहा पोर्टर आणि सहायक गाईड तीन दिवसांत बरशैणी: २७,६००. कुल्लूपर्यंत गाडी ५,०००. रुग्णालयाची अनामत ५०,०००. सोबत्याचा मुक्काम आणि नवं तिकीट १५,०००. बेरीज ९७,६००. यातली मजुरी तुम्ही आधीच धरली आहे असं वाटेल, पण ते सात जण गेल्यावर वरच्या गटाची ओझी उचलायला गाईड बदली माणसं मागवतो, किंवा गट पुढे जायचं थांबवतो.

दुसरा प्रसंग: राखीव दिवस वापरून झाला आणि खिंडीखाली आणखी दोन दिवस बर्फवृष्टी झाली. मजुरी ५८,२००. मुदला बोलावलेल्या गाडीचं थांबणं आणि चुकलेली रेल्वे तिकिटं वेगळी. अन्नाचं दुखणं पैशाने सुटत नाही: दोन दिवसांचं म्हणजे ५४ किलो, ते कोणी उचललेलंच नसतं. सगळ्यांना एक दिवस पुरेल इतकं सत्तू आणि चिक्की वेगळ्या पिशवीत ठेवा. ती पिशवी उघडायची वेळ आली की पुढचा निर्णय बरशैणीकडे परतण्याचा, हे निघण्यापूर्वीच ठरवा.

दोन्ही प्रसंग एकाच मोहिमेत येऊ शकतात. दोन्ही मिळून १,५५,८०० होतात, त्यात गाडी आणि तिकिटं धरून १,७५,००० ठेवा. दरवाढीसाठी वेगळी तरतूद करा, या निधीतून जॅकेटं किंवा निरोपाचं जेवण होऊ देऊ नका. विम्यावर विसंबण्याआधी पॉलिसीतली उंचीची मर्यादा आणि गिर्यारोहणाचा अपवाद वाचा. बऱ्याच प्रवासविम्यांत तो असतो.

निधीतले निदान पन्नास हजार रोख असावेत आणि ते दोघांकडे विभागलेले असावेत: एक नेता, दुसरा जो आजारी माणसासोबत खाली उतरेल तो. पुण्यातल्या खात्यात पडलेले पैसे मानतलाईला उपयोगाचे नाहीत, तिथे एटीएम नाही आणि फोनही लागत नाही. त्यामुळे खर्चाचा अधिकार नेत्याला निघण्यापूर्वी लेखी द्या, कार्यकारिणीची परवानगी मागायची अट ठेवू नका. उपग्रह फोनची ओळ बजेटमध्ये घालून प्रश्न सुटत नाही. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय तो भारतात वापरणं बेकायदा आहे. त्याऐवजी मागे धावणाऱ्या एका तरबेज पोर्टरचा निरोप्या म्हणून वेगळा दर ठरवा.

निधी सदस्यांकडून वेगळ्या पावतीवर घ्या आणि न वापरलेली रक्कम परतल्यावर पंधरा दिवसांत माणशी परत करा. एकदा का ती 'बचत' म्हणून क्लबच्या खात्यात राहिली, की पुढच्या मोहिमेला सदस्य हा निधी द्यायला का-कू करतात.