एआयच्या सारांशावरून टिपणं काढताय? या चुका टाळा

‘स्प्रिंट’ हा रक्तदाबावरचा गाजलेला अमेरिकी अभ्यास. २०१५ साली प्रसिद्ध झाला, ९,३६१ लोकांवर. एआय टूलला हा पेपर देऊन सारांश मागितला की साधारण असं वाक्य मिळतं: ‘वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवल्यास हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यूचा धोका २५ टक्क्यांनी कमी होतो.’ वाचायला छान, आणि घोळ नेमका इथेच.

पहिला घोळ ‘कोणाचा धोका’ हा. या अभ्यासात ५० वर्षांवरचे, हृदयविकाराचा धोका जास्त असलेले लोक होते. मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले वगळले होते. सारांशात ही वगळलेल्यांची यादी बहुतेक वेळा गळते. म्हणून मेथड्समधले निवडीचे निकष मूळ पेपरातूनच वाचा आणि टिपणाची पहिली ओळ त्यावर लिहा.

दुसरा घोळ आकड्याचा. २५ टक्के खोटा नाही, पण तो पाच घटना एकत्र मोजून आलाय: हार्ट अटॅक, हृदयाच्या रक्तपुरवठ्याचे इतर तीव्र झटके, पक्षाघात, हार्ट फेल्युअर आणि हृदयविकाराने मृत्यू. निकालांचा तक्ता उघडला की दिसतं, ठळक फरक हार्ट फेल्युअर आणि हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंत आहे. एकट्या पक्षाघातातला फरक ठोस म्हणावा इतका नाही. शिवाय वर्षाला २.१९ टक्क्यांऐवजी १.६५ टक्के लोकांना यातलं काही झालं, म्हणजे हजारी पाचेक माणसांचा फरक. दुसरीकडे रक्तदाब फार खाली जाणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, किडनीला अचानक इजा होणं हे १२०च्या गटात जास्त घडलं. टिपणात २५ लिहायचाच असेल तर हे सगळं त्याच्याच शेजारी हवं.

टिपणातल्या प्रत्येक आकड्यापुढे तक्त्याचा किंवा पानाचा क्रमांक टाका. क्रमांक सापडत नसेल तर तो आकडा टिपणात नको. टूललाच ‘हे बरोबर आहे का’ विचारून भागत नाही. ते चुकीलाही तितक्याच ठामपणे हो म्हणू शकतं.

राहिली भाषा. सारांश समोर ठेवून लिहिलं की त्याची वाक्यं नकळत उतरतात, आणि महिन्याभराने ती आपलीच वाटतात. शब्द बदलून लिहिणं हाही उपाय नाही, कारण मुद्द्यांचा क्रम टूलचाच राहतो. (गाईडच्या नजरेला ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’सारखं टूलचं साच्यातलं वाक्य लगेच खुपतं.) त्यापेक्षा सारांशाचा उपयोग फक्त हा पेपर वाचायचा की नाही हे ठरवायला करा. मग तो बंद करा, मूळ पेपरातले निकष आणि तक्ता वाचा, पेपरही मिटा आणि मित्राला सांगाल तसं चार ओळींत लिहा. उदाहरणार्थ: ‘मधुमेह नसलेले, पन्नाशीपुढचे, जास्त धोक्याचे. १२०चं लक्ष्य. हार्ट फेल्युअर कमी, चक्कर-किडनीचा त्रास जास्त. आपल्या मधुमेही रुग्णांना लावता येणार नाही.’ शेवटची ओळ कुठल्याच सारांशातून उचललेली नाही, कारण तुमचा प्रश्न काय आहे हे टूलला ठाऊकच नव्हतं. आकडे मात्र आठवणीतून लिहू नका. ते पेपर पुन्हा उघडून भरा.