दवाखान्याचा आठवड्याचा तक्ता: आकडे मोजके ठेवा, मर्यादा आपल्याच वहीतून काढा

तक्त्यावर दोन, फार तर तीन आकडे ठेवा. निवडताना एकच प्रश्न विचारा: हा बिघडला तर सोमवारी सकाळी कोण काय करणार? उत्तर नसेल तर तो आकडा काढून टाका. पेशंटची एकूण संख्या महिन्याच्या हिशेबात राहू द्या.

थांबण्याची वेळ मोजताना केसपेपरवर पेशंट आल्याची आणि केबिनमध्ये गेल्याची वेळ लिहा. कोणी वेळेच्या अर्धा तास आधी आलं, तर ठरलेल्या वेळेपासून मोजा. सरासरी मात्र काढू नका. आठ जण १५ मिनिटं आणि दोघं ७५ मिनिटं थांबले, तर सरासरी २७ येते, पण २७ मिनिटं थांबलेलं कोणीच नसतं. ४५ मिनिटांपेक्षा जास्त किती जण बसले, ते लिहा.

न आलेल्यांमध्ये अपॉइंटमेंट घेतलेलेच धरा. आदल्या दिवशी फोन करून रद्द करणाऱ्यांचा रकाना वेगळा.

आता खरी अडचण, म्हणजे लाल रेघ कुठे मारायची. ‘१० टक्क्यांच्या वर गेलं की लाल’ असले तयार सल्ले घेऊ नका. मागच्या १२ आठवड्यांची वही उघडा, न आलेल्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला, म्हणजे सहाव्या आणि सातव्याच्या मधोमधचा, शोधा. समजा, मुलुंडच्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आठवड्याला ४० अपॉइंटमेंट असतात आणि हा मधला आकडा ६ आहे, म्हणजे १५ टक्के. तिथे २० टक्क्यांवर, म्हणजे ८ वर, लाल रेघ मारली आणि बरोबर ८ लाही लाल धरलं, तर काहीही बिघडलेलं नसताना साधारण चार आठवड्यांतून एकदा तक्ता लाल होईल. इतक्या लहान संख्येत ४ ते ८ ही चढउतार नुसत्या योगायोगाने होते. रिसेप्शनवरच्या मुलीला उगाच बोलणी बसतात आणि दोन महिन्यांत लाल रंगाकडे कोणी बघेनासं होतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

म्हणून इथे लाल रेघ १२ वर मारा. हळूहळू होणारी घसरण तिच्यात सापडत नाही, तिच्यासाठी दुसरा नियम ठेवा: सलग सहा आठवडे आकडा ६ च्या वर राहिला, तर पिवळा. बरोबर ६ आलेला आठवडा मोजणीत धरू नका.

जुलैत लोकल बंद पडल्या की न येणारे वाढतातच. तो आकडा खोडू नका, बाजूला ‘पाऊस’ लिहा, पण त्यासाठी रेघ वर सरकवू नका. रेघ बदलायची ती कामाची पद्धत बदलल्यावर आणि नवा आकडा टिकल्यावरच.

प्रत्येक रेघेशेजारी काम आणि नाव लिहा. लाल झालं, तर न आलेल्या प्रत्येकाला रिसेप्शनने दोन दिवसांत फोन करून कारण टिपायचं. पिवळं झालं, तर आदल्या संध्याकाळचे आठवणीचे मेसेज खरंच जातात का, हे डॉक्टरांनी स्वतः तपासायचं.