अनुवादित दस्तऐवज स्क्रीन रीडरवर अडखळतो? या चुका टाळा

अनुवाद नेमका आहे, शुद्धलेखन तपासून झालंय, पानं मूळ फाइलसारखीच दिसताहेत. तरीही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा वाचक कळवतो की दस्तऐवजात एकही शीर्षक सापडत नाही आणि धोक्याची सूचना भलत्याच पायरीनंतर ऐकू येते. स्क्रीन रीडर पानाचं रूप बघत नाही, फाइलच्या आत नोंदलेली रचना वाचतो. मूळ फाइलमध्ये ही रचना ठीक असली तरी अनुवाद करताना ती सहज मोडते, आणि डोळ्यांना ते दिसत नाही.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. घरी रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका आहे, मूळ इंग्रजी, अनुवाद मराठीत. काम वर्डमध्ये झालंय आणि वाचकाला पीडीएफ द्यायची आहे. आत शीर्षकं आहेत, चौकटीतल्या सूचना आहेत, दंडाला पट्टा बांधल्याचं रेखाचित्र आहे आणि यंत्राच्या पडद्याचा फोटो आहे.

## शीर्षक फक्त ठळक करून सोडणं

मूळ फाइलमध्ये शीर्षकाला `Heading 2` ही स्टाइल दिलेली असते. त्या जागी मराठी मजकूर आला की कधीकधी अक्षर अचानक लहान आणि बारीक दिसायला लागतं. वर्ड देवनागरीसाठी फाँट, आकार आणि ठळकपणा वेगळा नोंदवतं, त्यामुळे इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये देवनागरीची बाजू तशीच राहून गेलेली असते. मग अनुवादक काय करतो? ओळ निवडतो, आकार १६ करतो, ठळक करतो. इथवर फारसं बिघडलेलं नसतं. पण पुढचं शीर्षक तो नव्या साध्या परिच्छेदात टाइप करतो आणि त्यालाही हाताने तसंच रूप देतो. दोन्ही शीर्षकं सारखीच दिसतात, पण दुसरं शीर्षक स्क्रीन रीडरच्या लेखी निव्वळ एक वाक्य असतं.

दुरुस्ती स्टाइलमध्येच करा. स्टाइलवर उजवी क्लिक करून `Modify`, मग `Format`, मग `Font`. तिथल्या `Complex scripts` या भागात देवनागरीचा फाँट, आकार आणि ठळकपणा ठरवा. हा भाग दिसत नसेल, तर ऑफिसच्या भाषांच्या यादीत मराठी जोडलेली नाही, आधी ती जोडा. एकदा हे केलं की त्या पातळीची सगळी शीर्षकं एका झटक्यात नीट दिसतात आणि एकेका ओळीशी झटापट करायची वेळच येत नाही.

शीर्षकांतला दुसरा घोळ लांबीमुळे होतो. समजा, "पट्टा बांधण्यापूर्वी घ्यायची काळजी" हे शीर्षक ओळीत मावत नाही, म्हणून कुणी मध्येच एंटर मारलं. दिसायला दोन ओळींचं एकच शीर्षक, पण ऐकताना दोन: "पट्टा बांधण्यापूर्वी, शीर्षक पातळी दोन" आणि मग "घ्यायची काळजी, शीर्षक पातळी दोन". शीर्षकांची यादी उघडणाऱ्याला दुसऱ्या नोंदीवरून कसली काळजी ते कळायला मार्ग नाही. ओळ आपोआप तुटू द्या. ती ठरावीक ठिकाणीच तुटायला हवी असेल तर `Shift+Enter` वापरा, म्हणजे परिच्छेद एकच राहतो. जागा सोडण्यासाठी टाकलेल्या रिकाम्या ओळींनाही शीर्षकाची स्टाइल चिकटलेली असू शकते. त्या काढून टाका आणि अंतर स्टाइलमधूनच द्या.

पुस्तिकेच्या नावाला बहुतेक वेळा `Title` ही स्टाइल असते. ही शीर्षकाची पातळी नव्हे, त्यामुळे शीर्षकांवरून उड्या मारत जाणाऱ्याला पुस्तिकेचं नाव लागतच नाही. नावाला `Heading 1` द्या, प्रकरणांना `Heading 2`, त्यांच्या पोटातल्या भागांना `Heading 3`. अक्षर छान दिसतं म्हणून दोनवरून थेट चारवर जाऊ नका. मधलं काहीतरी सुटलं, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

## चौकट दिसते तिथे, वाचली जाते भलतीकडे

पुस्तिकेत तिसऱ्या पायरीच्या शेजारी सूचना आहे: "मोजणी सुरू असताना बोलू नका, हात हलवू नका." मूळ फाइलमध्ये ती तरंगत्या टेक्स्ट बॉक्समध्ये होती. असा बॉक्स पानावर कुठेही ओढून ठेवता येतो, पण तो जोडलेला असतो एखाद्या परिच्छेदाला. या जोडणीला अँकर म्हणतात. मराठी मजकूर लांबला, पायऱ्या खाली सरकल्या, म्हणून कुणीतरी बॉक्स ओढून पुन्हा तिसऱ्या पायरीशेजारी आणला. त्या खटाटोपात अँकर पहिल्या पायरीवरच अडकून राहिला. साहजिकच पीडीएफमध्ये ही सूचना यंत्र चालू करण्याच्याही आधी ऐकू येते. वर्डमध्येच वाचणाऱ्याला तर ती ओघात बहुधा मिळतच नाही.

अँकर कुठे आहे ते बघायला बॉक्सवर क्लिक करा, समासात नांगराची खूण दिसते. मात्र अँकर हलवत बसण्यापेक्षा बॉक्सच काढून टाकणं मला जास्त भरवशाचं वाटतं. मजकूर कापून तिसऱ्या पायरीच्या लगेच आधी साधा परिच्छेद म्हणून चिकटवा आणि त्या परिच्छेदाला `Borders` मधून चौफेर रेघ आणि हलकी छटा द्या. डोळ्यांना चौकट तशीच दिसते आणि कानाला सूचना वेळेवर मिळते. "आधी" मुद्दाम म्हटलं. डोळस वाचक पायरी आणि चौकट एका नजरेत पाहतो, ऐकणाऱ्याला मात्र एकामागून एकच मिळतं. "बटण दाबा" ऐकून त्याने बटण दाबल्यावर "बोलू नका" ऐकू आलं, तर उशीर झालेला असतो.

स्पेस आणि टॅब मारून केलेले खोटे स्तंभही असाच गोंधळ घालतात. डाव्या स्तंभाची अर्धी ओळ आणि उजव्याची अर्धी ओळ एका दमात वाचली जाते. त्या जागी खरं टेबल करा आणि पहिल्या ओळीला `Repeat Header Rows` लावा.

## चित्राचं वर्णन इंग्रजीतच राहतं

चित्राचं वर्णन पानावर दिसत नाही, म्हणून ते अनुवादातून निसटतं. वर्डच्या फाइलमध्ये ते असं साठवलेलं असतं:

```
<wp:docPr id="4" name="Picture 4" descr="Cuff on upper arm"/>
```

अनुवादाचं सॉफ्टवेअर `descr` मधला मजकूर अनुवादासाठी बाहेर काढतं की नाही, हे त्याच्या फिल्टरच्या सेटिंगवर ठरतं. काम सुरू करण्यापूर्वीच ते पाहा. राहून गेलं असेल तर प्रत्येक चित्रावर उजवी क्लिक करून `Edit Alt Text` उघडा आणि तिथे मराठीत लिहा.

मात्र आहे त्याचा शब्दशः अनुवाद करून भागेलच असं नाही. "दंडावर पट्टा" एवढ्याने ऐकणाऱ्याच्या हाती काय लागतं? हे रेखाचित्र पट्टा नेमका कुठे आणि कसा बांधायचा ते दाखवण्यासाठी दिलंय, तेव्हा वर्णनातही तेच यायला हवं: "डाव्या दंडावर बांधलेला पट्टा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खोबणीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. नळी दंडाच्या आतल्या बाजूने तळहाताकडे उतरते. हात टेबलावर टेकलेला, पट्टा हृदयाच्या उंचीवर." सुरुवातीला "चित्रात दिसते की" लिहायची गरज नाही, हे चित्र आहे, असं स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. हीच माहिती शेजारच्या परिच्छेदात पूर्ण आली असेल तर वर्णन एका ओळीत आटपा, नाहीतर ऐकणाऱ्याला तेच दोनदा ऐकावं लागेल.

रेखाचित्रातच छापलेली अक्षरं असतील, बाणापाशी "tube" वगैरे, तर मराठी अक्षरं घालून चित्र नव्याने मागवा. ते जमण्यासारखं नसेल तर चित्राखाली साध्या मजकुरात खुणांचा अर्थ लिहा, म्हणजे सगळ्याच वाचकांची सोय होते. पडद्याच्या फोटोचं वर्णन आकडे ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने द्या: "पडद्यावर वरून खाली तीन आकडे. वरचा दाब १२८, खालचा दाब ८२, नाडी ७१." पानाच्या कडेच्या नुसत्या नक्षीला `Mark as decorative` लावा.

## मराठी मजकूर, भाषा मात्र दुसरीच

फाइलमध्ये मजकुराची भाषा नोंदलेली असते आणि स्क्रीन रीडर त्यावरून आवाज निवडू शकतो. देवनागरी मजकुरावर बऱ्याचदा हिंदीचा शिक्का बसलेला आढळतो. मग वाचकाकडे मराठी आवाज असूनही मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे आकडे: २५ ऐकू आलं "पच्चीस", तर भाषा चुकलीय. `Ctrl+A` करून `Review`, `Language`, `Set Proofing Language` इथे मराठी निवडा. इंग्रजीत ठेवलेला एखादा परिच्छेद असेल तर तेवढ्याला परत इंग्रजी लावा.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मांडणी झाली असेल तर यातलं काहीच उपयोगी पडणार नाही. तिथे पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलमध्ये लॅटिन अक्षरं आणि चिन्हं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा.

## पीडीएफ करताना सगळं पुसलं जातं

एवढं करून शेवटी कुणी `Print` मधून पीडीएफ काढली, तर बहुधा शीर्षकं, क्रम आणि वर्णनं सगळी गेली. `Save As` मधून पीडीएफ निवडा, `Options` उघडा आणि `Document structure tags for accessibility` वर खूण असल्याची खात्री करा.

मग ऐकून तपासा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. पीडीएफ उघडून `H` दाबत गेलात की एकेक शीर्षक ऐकू येतं, `G` ने चित्रं, `T` ने टेबलं. `Insert+F7` दाबून उघडणाऱ्या खिडकीत `Headings` निवडलं की शीर्षकांची यादी दिसते. ती अनुक्रमणिकेशी ताडून पाहा. वर्डमध्ये हीच अक्षरं वापरायची असतील तर आधी `Insert+Space` दाबून ब्राउझ मोड चालू करा. वर्डचा `Check Accessibility` वर्णन नसलेली चित्रं दाखवतो, पण वर्णन इंग्रजीत राहिलंय किंवा चौकट चुकीच्या पायरीशी आलीय हे त्याच्या लक्षात येत नाही. त्यासाठी पूर्ण पुस्तिका एकदा कानांनीच वाचावी लागते.

देवनागरीसाठी आणखी एक चाचणी करायलाच हवी. पीडीएफमधला जोडाक्षरं असलेला एखादा परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकली असेल किंवा जोडाक्षरं फुटली असतील, तर स्क्रीन रीडरलाही तसाच मोडका मजकूर मिळतोय असं समजा. कधी फाँट बदलून पुन्हा पीडीएफ काढली की हे सुटतं. नाही सुटलं, तर पीडीएफसोबत वर्डची फाइल किंवा एचटीएमएल आवृत्तीही द्या. एचटीएमएल देताना सुरुवातीला `<html lang="mr">` असल्याचं पाहा.