या चुका टाळा: संख्येची बहुपदी करून गुणाकार करताना

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या नववीतल्या मुलांना मी संध्याकाळी गणित शिकवतो. परवा भाताच्या पोत्यांचं उदाहरण घातलं: ४०७ पोती, प्रत्येकी ६८ किलो, एकूण भात किती? अट एकच, संख्यांच्या बहुपदी करूनच गुणायचं. म्हणजे दहाच्या जागी x लिहायचा, सहगुणकांचे गुणाकार करायचे आणि शेवटी x = १० ठेवायचं.

चौघांचं उत्तर ३१९६ आलं. चारशे पोत्यांचा भात तीन हजार किलो, म्हणजे पोत्याला आठ किलोसुद्धा नाही! वह्या पाहिल्या तर चौघांनीही ४०७ ची बहुपदी ४x + ७ अशी लिहिली होती. कारण बोलण्यात सापडतं. आपण "चारशे सात" म्हणतो, त्यात दशकाच्या शून्याला शब्दच नाही. घरी कन्नड बोलणारी मुलं "नानूरा एळु" म्हणतात, तिथेही तो शून्य बोलला जात नाही. म्हणून आधी अंक मोजा. तीन अंक असतील तर सर्वांत मोठा घात x² हवाच. ४x² + ०x + ७ असं लिहा आणि तो ०x गाळू नका, निदान हात बसेपर्यंत तरी.

आता गुणाकार. (४x² + ०x + ७)(६x + ८) मध्ये x³ चा सहगुणक ४×६ = २४. x² चा ४×८ + ०×६ = ३२. x चा ०×८ + ७×६ = ४२. सुटी संख्या ७×८ = ५६.

दुसरी चूक इथेच होते. काही जण २४, ३२, ४२, ५६ सरळ शेजारी-शेजारी मांडून २४३२४२५६ लिहितात. तीन अंकी गुणिले दोन अंकी संख्येला पाचपेक्षा जास्त अंक येऊच शकत नाहीत, तेवढ्यावरून चूक कळते. काही जण याच्या उलट करतात, मध्येच ५६ च्या जागी ५x + ६ लिहितात. बहुपदी म्हणून ५६ आणि ५x + ६ वेगळ्या आहेत. त्या सारख्या होतात त्या फक्त x = १० असताना, आणि हातचा म्हणजे नेमकं तेच. म्हणून बहुपदी पूर्ण होऊ द्या, मग उजवीकडून हातचे घ्या: ५६ चे ६, हातचे ५; ४२ + ५ = ४७ चे ७, हातचे ४; ३२ + ४ = ३६ चे ६, हातचे ३; २४ + ३ = २७. उत्तर २७६७६ किलो.

ताळा पाहताना एका मुलीने विचारलं, "सर, x = १ ठेवलं तर एका बाजूला ११ × १४ = १५४ येतात, पण उत्तरातल्या अंकांची बेरीज २८च. मग माझं चुकलं का?" उत्तर बरोबर होतं, ताळा चुकीच्या जागी लावला होता. x = १ चा ताळा हातचे घेण्याआधीच्या सहगुणकांना लागतो: २४ + ३२ + ४२ + ५६ = १५४. प्रत्येक हातचा एका जागेवरून १० काढतो आणि पुढच्या जागी १ घालतो, म्हणजे बेरीज ९ ने घटते. इथले हातचे ५, ४, ३ आणि २७ मधले शेवटचे २ मिळून १४. १४ × ९ = १२६, आणि १५४ − १२६ = २८. नवाचा ताळा का लागतो, हे मला सगळ्यांत स्वच्छ इथेच दिसतं.

पण हा ताळा पहिली चूक पकडत नाही. शून्य गाळलं तरी ४ + ७ अकराच राहतात, सहगुणक २४, ७४, ५६ होतात आणि त्यांची बेरीजही १५४च. म्हणून x = −१ सुद्धा ठेवून पाहा. ४०७ साठी ४ − ० + ७ = ११, ६८ साठी −६ + ८ = २, गुणाकार २२. बरोबर सहगुणकांचं −२४ + ३२ − ४२ + ५६ = २२, तर शून्य गाळलेल्यांचं २४ − ७४ + ५६ = ६. मात्र ते ११ तुमच्या बहुपदीवरून काढू नका, मूळ संख्येच्या अंकांवरून काढा. चुकलेली बहुपदी स्वतःशी नेहमीच जुळते.

दोन शून्यं एकदम गाळली, म्हणजे ४००७ चं ४७ केलं, तर दोन्ही ताळे फसतात: ४ + ७ दोन्हीकडे ११, आणि ७ − ० + ० − ४ = ३, ७ − ४ = ३. तिथे अंदाजच उपयोगी पडतो. चार हजार गुणिले सत्तर म्हणजे दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास, मग तीन हजारांचं उत्तर कसं चालेल?