लाप्लासने सर्किट सोडवायला बसण्याआधी

एंडसेमच्या तोंडावर लाप्लासची सर्किटं हातात घेणाऱ्या ज्युनिअर मंडळींसाठी हे लिहितोय. टेबल पाठ आहे, केव्हीएल येतो, पार्शल फ्रॅक्शन येतात, असं धरून चालतो. येत नसेल तर अप्पा बळवंत चौकातून आणलेलं ते गाईड उघड आणि आधी तेवढं उरक.

एकच सर्किट घेऊ. 10 व्होल्टचा डीसी सोर्स, सिरीजमध्ये 3 ओहम आणि 1 हेन्री, पुढे 0.5 फॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटरला पॅरलल 2 ओहमचा रेझिस्टर, स्विचमधून जोडलेला. बराच वेळ असंच चालू आहे आणि t = 0 ला स्विच उघडून तो 2 ओहम बाहेर पडतो. (अर्धा फॅरड लॅबमध्ये शोधू नकोस, हे पेपरातले आकडे आहेत.)

पहिलं काम म्हणजे स्विच उघडण्याआधीचं सर्किट वेगळं काढणं. त्याच आकृतीवर खाडाखोड नको, वेगळंच काढ. डीसी स्टेडी स्टेटमध्ये इंडक्टर म्हणजे नुसती तार आणि कपॅसिटर म्हणजे तुटलेली तार. मग करंट 10/(3+2) = 2 अँपिअर आणि कपॅसिटरवर 2 ओहमचाच व्होल्टेज, म्हणजे 4 व्होल्ट. करंटचा बाण आणि कपॅसिटरचा प्लस लगेच आकृतीवर मांड. नंतर आठवून काढू म्हणणारे चिन्ह चुकवतात. घाईत नव्या सर्किटचाच स्टेडी स्टेट काढलास, तर 0 अँपिअर आणि 10 व्होल्ट येतील. ती शेवटची स्थिती झाली, सुरुवातीची नव्हे.

आता s मधली आकृती. इंडक्टरच्या जागी s, आणि त्याच्या सिरीजमध्ये Li(0) म्हणजे 2 चा सोर्स, करंटला त्याच्याच दिशेने ढकलणारा. कपॅसिटरच्या जागी 2/s, आणि सिरीजमध्ये 4/s चा सोर्स, प्लस जिथे होता तिथेच. इंडक्टरच्या 2 खाली s येत नाही, कपॅसिटरच्या 4 खाली येतो.

आणि इथेच थांब, कारण माझे गेल्या वेळचे मार्क इथेच गेले. 2/s आणि 4/s या दोघांभोवती तुटक रेषेची चौकट काढ. कपॅसिटर म्हणजे ती अख्खी चौकट, नुसता 2/s नाही. इंडक्टरचंही तसंच: s आणि तो 2, दोन्ही एकाच चौकटीत.

समीकरण सोपं आहे: 10/s + 2 − 4/s = I(s)·(s + 3 + 2/s). सरळ केलं की

I(s) = (2s + 6)/((s + 1)(s + 2))

आणि त्यातून i(t) = 4e^(−t) − 2e^(−2t). t = 0 ला 2 येतात. इंडक्टरच्या सोर्सचं चिन्ह उलटं पडलं असतं तर इथे −2 आले असते, तेव्हा हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

पुढचा प्रश्न हमखास कपॅसिटरच्या व्होल्टेजचा असतो. चौकट बघ! (2/s)·I(s) करून मोकळा झालास तर 6 − 8e^(−t) + 2e^(−2t) येईल. दिसायला एकदम झकास, पण सुरुवात 0 पासून आणि शेवट 6 वर. 4 व्होल्टवर बसलेला कपॅसिटर 0 पासून सुरू होईलच कसा? त्यात 4/s मिळव, मग 10 − 8e^(−t) + 2e^(−2t): सुरुवात 4, शेवट 10. वाईट भाग असा की करंट बरोबर असतो, त्यामुळे चुकल्याचा संशयही येत नाही. व्होल्टेज विचारला की चौकट बघ, पुन्हा सांगतो.

इंडक्टरचा व्होल्टेज s·I(s) − 2. तो −2 विसरलास तर अंश आणि छेद एकाच घाताचे राहतात आणि उत्तरात फुकटचा इम्पल्स येतो. इथे इम्पल्स दिसला की समज, 2 राहिला. बरोबर उत्तर −4e^(−t) + 4e^(−2t). t = 0 ला शून्य, आणि ते पटतं: 10 मधून रेझिस्टरचे 6 आणि कपॅसिटरचे 4 गेले.

बाकी थोडक्यात. मुळं कॉम्प्लेक्स आली तर छेदाचा पूर्ण वर्ग कर, साइन-कोसाइन मिळतील. फायनल व्हॅल्यू थिअरम लावण्याआधी sF(s) चे सगळे पोल डाव्या बाजूला आहेत का बघ, नाहीतर खोटा आकडा मिळतो. स्विचमुळे दोन कपॅसिटर थेट एकमेकांना जोडले गेले तर व्होल्टेज एका क्षणात उडी मारू शकतो, तिथे 0 नंतरची किंमत आधीचीच धरू नकोस. युनिट लिही. आणि पेपर देण्याआधी चौकटी मोज.